नजर मंदावली, तरी नंबर लागला पाहिजे

(सोलापुरातील ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय लहान वाटेल. घरातल्या ज्या वडीलधाऱ्या माणसाची दृष्टी मंद झाली आहे, त्याला स्वतःच्या हाताने किंवा स्वतःच्या आवाजाने चार-सहा नेमक्या माणसांना फोन लावता यावा, एवढीच ही गोष्ट आहे. पण ती जमली नाही की काय होते, हे पाहण्यासाठी आपल्या पूर्व भागातील एक घर डोळ्यांसमोर आणू. उदाहरणासाठीच घेतलेले हे घर असले, तरी त्यातल्या अडचणी कोणत्याही पेठेत सापडतील.

आजी शहात्तर वर्षांच्या. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि माहेर अक्कलकोटकडचे म्हणून कन्नडही जिभेवर. यजमान ऐंशीचे, मधुमेही आणि कानाने थोडे कमी. मुलगा पुण्यात नोकरीला, मोठी मुलगी अक्कलकोटला. आजींच्या दोन्ही डोळ्यांतील पडद्याचा मधला भाग वयोमानाने झिजला आहे. दिवाळीला आलेल्या मुलाने नवा भ्रमणध्वनी आणला, जुन्या फोनमधली दोनशेहून अधिक नावे त्यात उतरवली, अक्षरे सर्वांत मोठी केली, वीस नावांना चांदणी लावून ती आवडत्या यादीत टाकली, आणि ‘आता नुसते बोललात तरी फोन लागेल’ असे सांगून तो पुण्याला परतला. त्याच्या मायेत काही उणे नव्हते. महिन्याभराने एका रात्री यजमानांची साखर उतरली. अंगाला दरदरून घाम, बोलणे असंबद्ध. आजींनी फोन हातात घेतला, आणि त्यांना कोणालाही फोन लावता आला नाही. शेवटी जिन्याच्या कठड्यावर पितळी तांब्या बडवून त्यांनी शेजाऱ्यांना उठवले.

फोन बिघडलेला नव्हता. तो आजींच्या डोळ्यांसाठी आणि आजींच्या जिभेसाठी लावलेला नव्हता, इतकेच.

प्रथम डोळ्यांचे पाहू. ‘कमी दिसते’ या दोन शब्दांत निरनिराळे आजार लपलेले असतात आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी करावी लागते. पडद्याचा मधला भाग झिजला की समोरच्या गोष्टीच्या नेमक्या मध्यावर धूसर डाग येतो. कडेचे मात्र दिसत राहते. असा माणूस पायरी न चुकता उतरतो, पण समोरच्याचा चेहरा ओळखत नाही. याला अक्षर खरोखर मोठे लागते. काचबिंदूत याच्या उलट घडते. मधले शाबूत राहते आणि कडा आत आत येतात. जणू नळीतून पाहावे तसे. अशा माणसापुढे अवाढव्य अक्षर ठेवले तर त्याचा एक तुकडाच नजरेत मावतो, आणि नाव वाचायला मान फिरवावी लागते. त्याला मध्यम आकाराचे पण गडद, ठसठशीत अक्षर हवे आणि सगळे जवळजवळ हवे. मोतीबिंदूत पांढऱ्या पडद्याचा झगमगाट डोळ्यांत पसरतो. तिथे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे करणारी गडद रंगसंगती पुष्कळदा आकारापेक्षा जास्त उपयोगी पडते. मधुमेहाने पडद्यावर परिणाम झाला असेल, तर ठिकठिकाणी डाग येतात आणि दिसणे दिवसागणिक बदलूही शकते. म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना एक प्रश्न विचारावा : मधले गेले आहे की कडेचे?

आजींचे मधले गेले होते, तेव्हा अक्षर मोठे करणे बरोबरच होते. मग चुकले कुठे? अक्षर मोठे झाले की पडद्याची रुंदी वाढत नाही. ‘डॉक्टर’ या शब्दाने सुरू होणारी तीन नावे होती, ती तिन्ही ‘डॉक्ट…’ एवढीच दिसू लागली. त्यातून नावे इंग्रजी लिपीत, आणि आजी वाचतात ती देवनागरी. देवनागरीचीही एक गोम आहे. मंद नजरेला शिरोरेषेखाली ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ सारखेच दिसतात, आणि मात्रा-वेलांट्या तर सर्वांत आधी पुसट होतात. तेव्हा नाव छोटे असावे, वेगळेपण पहिल्याच अक्षरात असावे, आणि दोन नावे एकाच अक्षराने सुरू होऊ नयेत.

दुसरी चूक वीस नावांची. आजींनी आठवड्याभरात खरोखर कोणाकोणाला फोन केले, हे विचारून पाहिले तर सहाच निघाली : मुलगा, मुलगी, यजमान, शेजारीण, डॉक्टर आणि नेहमीचा रिक्षावाला. त्यात रुग्णवाहिकेचा १०८ मिळवला की सात. एवढीच चांदणीत ठेवावीत. बाकीची दोनशे यादीत राहिली तरी बिघडत नाही.

पुढची चाल अशी. प्रत्येक नाव सिमकार्डावर नव्हे, तर फोनमध्ये किंवा गूगल खात्यात जतन झाले आहे याची खात्री करावी, कारण सिमवरच्या नावाला छायाचित्र जोडता येत नाही. एका नावाखाली एकच क्रमांक ठेवावा. दोन असले की फोन लावताना ‘कोणता?’ असे विचारणारी बारीक अक्षरांची चौकट उघडते आणि आजी तिथेच अडकतात. डॉक्टरांच्या दवाखान्याचा क्रमांक जुन्या वहीतून सात आकडी उतरवला गेला होता. स्थिर दूरध्वनीवरून तो वर्षानुवर्षे लागत असे, पण भ्रमणध्वनीवरून लावायचा तर आधी सोलापूरचा ०२१७ हवा. हा दोष फार घरांत असतो आणि फोन लागेपर्यंत कळत नाही. म्हणून सातही क्रमांक एकदा आपल्या हाताने लावून पाहावेत. अपवाद अर्थात १०८ चा. तिथे निष्कारण फोन करू नये, आकडे तेवढे तपासावेत.

आता चांदणीची यादी उघडण्यासाठी आधी फोनचे चिन्ह शोधा, मग यादी शोधा, मग नाव शोधा, हे तीन शोध मंद नजरेला जड जातात. अँड्रॉइड फोनवर याला सरळ वाट आहे. मुख्य पडद्यावरची मोकळी जागा दाबून धरावी, विजेट ही यादी उघडावी आणि संपर्कांच्या गटातील ‘डायरेक्ट डायल’ निवडावे. त्या माणसाची एक चौकट मुख्य पडद्यावर बसते आणि तिला बोट लावताच थेट फोन लागतो. संपर्काचा साधा शॉर्टकट आणि हे विजेट यांत गफलत करू नये; शॉर्टकट बहुधा त्या माणसाचे पान उघडून थांबतो.

या चौकटीत त्या माणसाचे छायाचित्र दिसते, आणि घरोघरी तिथे चेहरा लावतात. मधली दृष्टी गेलेल्या माणसाला चेहराच तर ओळखू येत नाही! त्यापेक्षा एक घरगुती युक्ती करावी. पिवळ्या कागदावर जाड काळ्या मार्करने एकच मोठे अक्षर लिहावे, त्याचे छायाचित्र काढावे आणि तेच त्या नावाला जोडावे. मुलासाठी पिवळ्यावर ‘बा’, मुलीसाठी पांढऱ्यावर ‘अ’, डॉक्टरांसाठी लाल कागदावर पांढरा अधिक-चिन्ह. रंग आधी ओळखला जातो, अक्षर त्याला दुजोरा देते. जागाही ठरलेली असावी : वरच्या डाव्या कोपऱ्यात मुलगी, उजव्या कोपऱ्यात मुलगा, आणि १०८ खाली, इतरांपासून दूर. काही दिवसांत बोटाला जागा पाठ होते, जशी देवघरातली काड्यापेटी अंधारात सापडते. ही जागा हलू नये म्हणून मुख्य पडद्याची मांडणी कुलूपबंद करण्याची सोय अनेक फोनांत असते, ती चालू करावी. नाहीतर नातवंडाच्या खेळात एखादी चौकट सरकते, आजी सवयीने बोट लावतात आणि फोन भलतीकडेच जातो. सॅमसंगच्या फोनांत ‘इझी मोड’ आहे. त्यात चिन्हे मोठी होतातच, शिवाय बोट किती वेळ टेकले म्हणजे ‘दाबून धरले’ असे समजायचे, तो अवधीही वाढतो. थरथरत्या हाताला याचा फार उपयोग होतो.

इथवर बोटाची वाट झाली. आता आवाजाची.

आवाजाने फोन लावण्यात दोन कामे एकामागून एक होतात. बोललेल्या शब्दांचे आधी लेखी शब्द होतात, आणि मग ते शब्द यादीतील नावांशी ताडून पाहिले जातात. बिघाड यांपैकी कोठे झाला हे पडद्यावर उमटलेल्या शब्दांवरून कळते. बोललेले चुकीचे उमटले असेल तर भाषा, आवाज किंवा गोंगाट यांत दोष आहे. बरोबर उमटूनही फोन लागला नाही तर दोष यादीतल्या नावात आहे. आजींना हे पडद्यावर वाचता येणार नाही, म्हणून पहिल्या दिवशी घरातल्या कोणीतरी शेजारी बसून ते पाहावे लागते.

गूगलच्या आवाजी सोयीत मराठी २०१८ साली आली. मुलाने लावलेला फोन मात्र इंग्रजीतच होता. सेटिंगमध्ये जाऊन बोलण्याची भाषा मराठी केली, तरी आजींचे काम एकदम सुरळीत होणार नाही, आणि याचे कारण आपल्या व्याकरणात दडले आहे. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागला की नामाचे सामान्यरूप होते. ‘रिक्षावाला’ जतन केले आहे, आणि आजी म्हणतात ‘रिक्षावाल्याला फोन लाव’. ‘धाकटा’ जतन आहे, त्या म्हणतात ‘धाकट्याला’. ‘शेजारी’चे ‘शेजाऱ्यांना’ होते. जे नाव यादीत आहे ते तोंडातून येतच नाही, मग जुळणी हुकण्याची शक्यता वाढते. ‘अक्का’चे ‘अक्काला’ आणि ‘बाबू’चे ‘बाबूला’ होताना मूळ शब्द जसाच्या तसा राहतो. ‘डॉक्टर’ला ‘ला’ लावले तर तोही तसाच राहतो, पण आदराने ‘डॉक्टरांना’ म्हटले की बदलतो. यावर उपाय दोन. ज्यांचे सामान्यरूप बदलत नाही अशी नावे निवडावीत. किंवा आजींना ‘कॉल रिक्षावाला’ असे, प्रत्ययाविना बोलायची सवय लावावी. वयाच्या शहात्तराव्या वर्षी बोलण्याची सवय बदलण्यापेक्षा नाव बदलणे केव्हाही सोपे. रिक्षावाल्याला आजी एरवी ‘मामू’ म्हणतात, तर तेच नाव जतन करावे.

यातूनच मुख्य नियम निघतो : यादीत माणसाचे खरे नाव नको, आजी त्याला ज्या नावाने हाक मारतात ते हवे, आणि तेही देवनागरीत. मुलगा कचेरीत कोणीही असो, आईच्या तोंडी तो ‘बाबू’. मोठ्या मुलीला सारे घर ‘अक्का’ म्हणते. तेलुगू आणि कन्नड या दोन्ही भाषांत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. त्यामुळे आपल्या सोलापुरात एकाच फोनमध्ये तीन-तीन अक्का निघतात, आणि मग कोणती अक्का, असा प्रश्न उभा राहतो. आजींच्या यादीत अक्का एकच ठेवावी. बाकीच्यांना गावाचे नाव जोडावे. सुनीता, सुनंदा, सुनील अशी सारख्या सुरुवातीची नावे असतील, तर त्यांतील दोघांना टोपणनावाने जतन करावे.

यजमानांच्या क्रमांकाची तर गंमतच. त्या पिढीतल्या कित्येक स्त्रिया पतीचे नाव आयुष्यात एकदाही घेत नाहीत. उखाण्यात घेतले असेल तेवढेच. त्या फोनपुढे तरी कशाला घेतील? मुलाने वडिलांचे नाव आडनावासकट भरले होते, आणि आजी ते उच्चारणे शक्यच नव्हते. नातवंडांपुढे त्या ‘आजोबा’ म्हणतात, तेव्हा ‘आजोबा’ असेच जतन केले की संकोच मिटला. आणि ‘आजोबाला’ म्हणा की ‘आजोबांना’, फोन दोन्हींना कसा वागतो ते पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे.

तपासणीची रीत सोपी आहे. एकेक नाव आजींनी स्वतःच्या नेहमीच्या आवाजात दहा वेळा घ्यावे. नऊ वेळा बरोबर माणूस लागला तर ते नाव ठेवावे, सहा-सात वेळाच लागला तर नाव बदलावे. मुलाने आपल्या खणखणीत आवाजात केलेली तपासणी निरुपयोगी आहे. दात नसताना, कवळी काढून ठेवलेली असताना उच्चार बदलतात, आणि रात्री अडचण येते तेव्हा कवळी वाटीतच असते. म्हणून दहापैकी पाच वेळा कवळी काढून बोलावे.

गोंगाटाचाही विचार हवा. पूर्व भागात ज्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग चालतात, तिथे दिवसा आवाजाच्या वाटेवर भिसंबून राहू नये. मागाच्या खडखडाटात माणसाला माणसाचे ऐकू येत नाही, तर फोनला काय येणार? तिथे दिवसा बोट आणि रात्री आवाज, अशी विभागणी ठेवावी. दूरचित्रवाणी आणि डोक्यावरचा पंखा हेदेखील याच माळेचे मणी. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून बोलले की पुष्कळ फरक पडतो. तार असलेल्या इअरफोनची मधली कळ दाबून धरली तरी बहुतेक फोनांत आवाजी सोय चालू होते. ही कळ बोटाला चाचपून सापडते, पडद्याकडे पाहावेच लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

आवाजाच्या वाटेच्या आणखी दोन मर्यादा आहेत. मराठीतील आवाजी सोय साधारणपणे इंटरनेटवर अवलंबून असते. डेटा बंद करून एकदा बोलून पाहावे. फोन लागला नाही, तर डेटा संपलेल्या दिवशीही तो लागणार नाही, हे घरात सर्वांना ठाऊक असावे. बोटाच्या चौकटीला इंटरनेट लागत नाही. दुसरी मर्यादा कुलुपाची. पडदा कुलूपबंद असताना काही फोन आवाज ऐकतात, पण संपर्कांना हात लावण्यापूर्वी कुलूप उघडायला सांगतात. कुलूप बंद असताना आवाजाला परवानगी देण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो पाहावा. कुलूपच काढून टाकावे काय? फोनमध्ये बँकेचे किंवा यूपीआयचे काही असेल तर मुळीच नाही. बोटाच्या ठशाने उघडावे म्हटले, तर आयुष्यभर विड्या वळलेल्या किंवा सूत हाताळलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही, तसाच तो इथेही उमटत नाही. अशा घरात व्यवहाराचा फोन वेगळा ठेवून आजींच्या फोनमध्ये पैशाचे काहीही न ठेवणे आणि मग त्याचे कुलूप काढणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

काही घरांत हे सारे बाजूला ठेवून जुना बटणांचा फोनच द्यावा असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. त्याच्या पाचच्या कळीवर एक उंचवटा असतो. त्यावर बोट ठेवले की बाकीच्या कळा चाचपून सापडतात. दोनपासून नऊपर्यंतच्या कळांना एकेक क्रमांक जोडता येतो आणि कळ दाबून धरली की तो लागतो. मात्र एक सावधगिरी बाळगावी. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांत संकटकाळची कळ आवश्यक झाली, आणि बटणांच्या फोनात ती पाच किंवा नऊ या कळीवर असते. दाबून धरली की ११२ ला फोन जातो. मुलीचा क्रमांक पाचवर जोडू गेल्यास एक तर तो जोडलाच जाणार नाही, किंवा आजी मुलीला शोधतील आणि उत्तर पोलिसांकडून येईल. पाच आणि नऊ सोडून द्याव्यात. मुलगी दोनवर, मुलगा तीनवर ठेवावा. स्मार्टफोनात हीच सोय चालू-बंदच्या कळीवर असते. ती लागोपाठ तीनदा दाबली की संकटकाळचा फोन जातो, नव्या काही फोनांत पाचदा दाबावी लागते. आपल्या हातातल्या फोनात किती वेळा, हे पाहून आजींना सांगून ठेवावे. म्हणजे गरजेला उपयोग होईल आणि चुकून दाबले गेले तर घाबरगुंडी उडणार नाही.

फोन लागला, बोलणे झाले, आता तो बंद कसा करायचा? लाल गोल दिसत नाही म्हणून आजी फोन तसाच पालथा ठेवत, आणि पलीकडे मुलीला अर्धा तास घरातली भांडी ऐकू येत. सेटिंगमधील सुलभतेच्या भागात चालू-बंदच्या कळीने फोन तोडण्याचा पर्याय असतो. तो चालू केला की कडेची कळ एकदा दाबणे पुरते.

आजींच्या घरी ही सारी फेरमांडणी करायला मुलीला एक दुपार लागली, आणि नंतर आठवडाभर रोज संध्याकाळी दहा मिनिटे सराव. सरावात बोट लावायचे काम आजींनीच केले; मुलीने फोन हातात घ्यायचा नाही, असे आधीच ठरले होते. रात्री दिवे मालवूनही एकदा पाहिले. तेव्हा कळले की अंधारात पडद्याची उजळ पातळी आपोआप इतकी खाली येते की पिवळा आणि पांढरा वेगळे दिसत नाहीत. मग आपोआप उजळणारी ती सोय बंद करून उजेड कायम ठेवला. फोनची जागाही ठरली : रात्री उशाशी, चार्जरला लावलेला, दोरीने खाटेच्या पायाला बांधलेला.

भिंतीवर पिवळ्या पुठ्ठ्यावर त्याच सात जणांचे क्रमांक बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहून लावले आहेत. ते आजींसाठी नाहीत. धावून आलेल्या शेजाऱ्याला आजींचा फोन हाताळता येत नसेल, तर त्याच्यासाठी आहेत. त्याच्या तळाशी ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांकही आहे.

आता मुलगी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अक्कलकोटहून फोन करीत नाही, तर आजींच्या फोनची वाट पाहते. आधी बोटाने, मग आवाजाने, असे दोन फोन यायला हवेत. गेल्या खेपेस पहिला आला, दुसरा आला नाही. चौकशी केली तेव्हा डेटाचे पैसे भरायचे राहिले होते, असे निघाले. मुलाने पुण्याहून ते त्याच दुपारी भरले आणि रिचार्जची तारीख आपल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवली.